क्रीम कुठे वितळावे: केकवरचे दुधाचे क्रीम आणि वनस्पती मेदाचे टॉपिंग

केकवर लावलेला पांढरा, हलका थर दोनपैकी एका वस्तूचा असतो. एक म्हणजे दुधातला मेद एकवटून केलेले व्हिपिंग क्रीम. दुसरे म्हणजे वनस्पती मेद, पाणी, साखर आणि थोडे प्रथिन एकजीव करून कारखान्यात तयार झालेले व्हिप टॉपिंग. बाजारात दोन्हींना सरसकट ‘व्हिप क्रीम’ म्हणतात. फेटल्यावर दोन्ही सारखीच दिसतात आणि दोन्हींची नोझलने फुले काढता येतात. तरीही भारतातल्या बेकरीत साध्या पेस्ट्रीपासून वाढदिवसाच्या केकपर्यंत जे वापरले जाते ते बहुतेक वेळा टॉपिंग असते, दुधाचे क्रीम नव्हे. किंमत हे त्याचे एक कारण आहे, पण मुख्य कारण हवेतला उष्मा आहे.

फेटलेले क्रीम हा हवेचे बुडबुडे धरून ठेवणारा फेस असतो आणि त्या बुडबुड्यांना आधार देतो तो घट्ट मेद. मेद वितळला की फेस बसतो. म्हणजे केक टेबलावर असताना मेद घट्ट राहायला हवा. पण तोच केक तोंडात गेल्यावर मेद विरघळायला हवा, नाहीतर टाळूला मेणासारखा थर चिकटतो. तोंडातले तापमान ३५ ते ३७ अंश सेल्सिअस असते. थंड प्रदेशात खोली विसाच्या आसपास असते, त्यामुळे खोली आणि तोंड यांच्यात पंधराएक अंशांची मोकळी जागा सापडते. विदर्भात किंवा मराठवाड्यात मे महिन्यात पंख्याखालची खोलीच ३५ अंशांवर जाते. तिथे केकला जे तापमान सोसायचे आहे, त्याच तापमानाला मेदाने तोंडात वितळायचेही आहे. दुधाचे क्रीम आणि टॉपिंग यांच्यातला जवळजवळ सगळा फरक, टिकाऊपणाचाही आणि चवीचाही, या एका अडचणीतून निघतो.

दोन मेद कसे वेगळे वागतात हे स्वयंपाकघरातल्या दोन बरण्यांत दिसते. तुपाची बरणी थंडीत घट्ट असते, फाल्गुनात मऊ पडते, वैशाखात वर पातळ तूप आणि खाली रवा अशी होते. तूप एका ठरावीक तापमानाला वितळत नाही. त्यात निरनिराळ्या तापमानांना वितळणारे शेकडो प्रकारचे मेद एकत्र आहेत, म्हणून ते टप्प्याटप्प्याने सैल होत जाते. कोकणातली खोबरेल तेलाची बाटली अगदी वेगळी वागते. पारा चोविसाच्या खाली गेला की सगळे तेल पांढरेशुभ्र गोठते आणि बाटली थोडा वेळ उन्हात ठेवली की सगळेच पाण्यासारखे पातळ होते. मधली अवस्था जवळपास नसतेच.

दुधाच्या क्रीममधला मेद म्हणजे हेच तूप. फ्रिजमधल्या चार-पाच अंशांना त्यातला साधारण निम्मा भाग घट्ट असतो. वीस अंशांना तो पाचव्या हिश्शाच्या आसपास उतरतो आणि तिसाला अगदीच थोडा उरतो. टॉपिंगमध्ये बहुतेक वेळा ताडफळाच्या गरातून नव्हे तर त्याच्या बीमधून काढलेले तेल, म्हणजे पाम कर्नल तेल, असते. ते खोबरेल तेलाचे सख्खे भावंड म्हणावे इतके जवळचे आहे. दोन्हींत लॉरिक आम्लाचा मेद मोठ्या प्रमाणात असतो आणि दोन्ही झटकन गोठतात, झटकन वितळतात. या तेलावर हायड्रोजनची प्रक्रिया केली की त्याचा वितळण्याचा बिंदू वर सरकतो. मग हा मेद वीस अंशांना बहुतांश घट्ट राहतो, तिशीच्या पुढे भराभर सैल होऊ लागतो आणि ३५ ते ३८ अंशांच्या दरम्यान जवळपास संपूर्ण वितळतो. कारखानदाराने हे पान हवामान पाहून आखलेले असते, आणि उष्ण देशांसाठीच्या टॉपिंगची खरी करामत इथेच आहे.

फेटताना नेमके काय होते हे लोणी काढलेल्या कुणालाही लवकर कळेल. क्रीममध्ये मेदाचे सूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात आणि प्रत्येक कणाभोवती प्रथिनाचे पातळ आवरण असते. फेटू लागले की हवा आत शिरते आणि आधी प्रथिनेच बुडबुड्यांना कशीबशी धरतात. मग मेदाचे कण एकमेकांवर आपटू लागतात. ते अर्धवट घट्ट असतील तर त्यांच्यातले सुईसारखे स्फटिक आवरण भेदून शेजारच्या कणात घुसतात आणि कण एकमेकांना चिकटतात. ते घट्ट असल्यामुळे एकमेकांत मिसळून जात नाहीत, द्राक्षांच्या घडासारखे जोडलेले राहतात. हे घड बुडबुड्याभोवती भिंत उभी करतात आणि क्रीम आकार धरते.

याच्या पुढे फेटत गेले तर घड मोठे होत जातात, हवा सुटते आणि लोण्याचा गोळा ताकापासून वेगळा होतो. रवीने घुसळताना हेच हवे असते, केकसाठी क्रीम फेटताना नेमके इथवर जायचे नसते. उन्हाळ्यात लोणी काढताना थंड पाणी किंवा बर्फ घालतात आणि हिवाळ्यात कोमट पाण्याचा हात देतात, ते याच कारणासाठी. मेद पार पातळ असेल तर कण चिकटण्याऐवजी नुसते तेलासारखे एकत्र येतात, आणि फार घट्ट असेल तर ते चिकटतच नाहीत.

म्हणून दुधाच्या क्रीमला फेटण्याआधीची थंडाई फार महत्त्वाची असते. क्रीम चार अंशांच्या आसपास किमान एक रात्र राहिले पाहिजे, कारण मेदाचे स्फटिक सावकाश वाढतात. तासभर फ्रिजमध्ये ठेवून बाहेरून गार वाटणारे क्रीम आतून तयार झालेले नसते. भांडे आणि फेटायचे पातेही गार लागते. घाई म्हणून क्रीम फ्रीझरमध्ये टाकणे हा सर्वात वाईट उपाय आहे. बर्फाचे स्फटिक मेदाच्या कणांची आवरणे फोडतात आणि वितळल्यावर क्रीम फाटल्यासारखे दाणेदार होते.

मेदाचे प्रमाणही पुरेसे लागते. नवशिक्यांची सर्वाधिक निराशा इथे होते. दुकानात ‘फ्रेश क्रीम’ म्हणून मिळणाऱ्या छोट्या टेट्रापॅकमध्ये साधारण २५ टक्के मेद असतो. भाजीच्या रश्शात किंवा फ्रूट सॅलडमध्ये ते उत्तम काम देते, पण कितीही वेळ फेटले तरी नोझलमधून काढण्याइतके उभे राहत नाही, कारण बुडबुड्यांभोवती भिंत बांधायला लागतील इतके कणच त्यात नसतात. शिवाय ते होमोजिनाइज केलेले असते. म्हणजे कण बारीक करून प्रत्येकाला जास्त जाड आवरण दिलेले असते, त्यामुळे ते एकमेकांना चिकटायला तयार होत नाहीत. केकसाठी पॅकवर ‘व्हिपिंग क्रीम’ असे लिहिलेले आणि किमान ३० टक्के, शक्यतो ३५ टक्के मेद असलेले क्रीम घ्यावे. घरच्या तापवलेल्या दुधाची साय हा त्याला पर्याय नाही. सायीत मेद भरपूर असला तरी उकळल्यामुळे साकळलेले प्रथिनही असते आणि फेटल्यावर त्याच्या गाठी राहतात.

टॉपिंगचा जन्म दूध टाळण्यासाठी झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत दुधाच्या घट्ट क्रीमची टंचाई होती. न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहरातले दुग्धव्यावसायिक रॉबर्ट रिच यांनी १९४५ मध्ये सोयाबीनपासून फेटता येणारे टॉपिंग तयार केले. ते विक्रेत्यांना दाखवण्यासाठी त्यांनी लाँग आयलंडकडे रेल्वेने नमुना नेला, तो सुक्या बर्फात बांधून. पोहोचेपर्यंत नमुना दगडासारखा गोठला होता. दुधाचे क्रीम असते तर ते वाया गेले असते. हे टॉपिंग मात्र वितळल्यावरही व्यवस्थित फेटले गेले. गोठवूनही न बिघडण्याच्या या गुणामुळे ते देशभर, पुढे जगभर पाठवता येऊ लागले. आजही बेकरीत येणारे टॉपिंग बहुतेक करून गोठलेल्या लिटरच्या पॅकमध्येच येते.

टॉपिंगच्या पॅकवरची घटकांची यादी वाचली की त्याची रचना स्पष्ट होते. आधी पाणी, मग वनस्पती मेद, मग साखर. मेद साधारण पाव हिस्सा आणि साखर त्याच्या जवळपास असते. त्यानंतर सोडियम केसिनेट हे दुधातले प्रथिन, मेद-पाणी धरून ठेवणारी इमल्सिफायर नावाची द्रव्ये आणि पाणी जखडून ठेवणारे डिंकासारखे पदार्थ येतात. इमल्सिफायरचे काम ऐकून थोडे आश्चर्य वाटते. ती द्रव्ये मेदाच्या कणांवरून प्रथिनाचे आवरण काही प्रमाणात सरकवतात, म्हणजे फेटताना कण सहज चिकटावेत. दुधाच्या क्रीममध्ये जे थंडाईवर आणि फेटणाऱ्याच्या हातावर सोडलेले असते, ते इथे आधीच बेतून ठेवलेले असते. केसिनेट दुधापासून येते, म्हणून ‘नॉन-डेअरी’ लिहिलेले टॉपिंग दुधाची ॲलर्जी असलेल्याला चालेलच असे नाही आणि दुग्धजन्य काहीच न खाणाऱ्यालाही नाही. ॲलर्जीविषयीची ओळ दर वेळी वाचावी.

फेटल्यावर दोन्हींतला फरक डोळ्यांना दिसतो. एक लिटर दुधाचे क्रीम फेटून सुमारे दोन लिटर होते. एक लिटर टॉपिंग साडेतीन ते चार लिटर होते. म्हणजे टॉपिंगच्या थरात हवा जास्त आणि पदार्थ कमी. लिटरमागे दुधाच्या क्रीमचा दर दुप्पट धरला, तर केकवर पसरलेल्या जागेच्या हिशेबाने ते सुमारे चौपट महाग पडते. हवा जास्त असल्यामुळे टॉपिंगचे फूल हाताला हलके लागते आणि तोंडात थोडे पोकळ वाटते.

उन्हाळ्यात दोन्ही फुले शेजारी ठेवून पाहावीत. बत्तीस अंशांच्या खोलीत, पंख्याखाली, एका ताटलीत दुधाच्या क्रीमचे फूल आणि एका ताटलीत टॉपिंगचे. काही मिनिटांतच दुधाच्या फुलावर ओलसर चकाकी येते. मेद सैल होऊन पृष्ठभागावर येऊ लागल्याची ती पहिली खूण. पाकळ्यांच्या कडा गोल होतात आणि मग बुडाशी पाणचट रस दिसतो. भिंती ढिल्या झाल्यामुळे बुडबुड्यांमधले पाणी खाली उतरलेले असते. त्यानंतर फूल हळूहळू खाली बसते आणि शेवटी पिवळसर, पातळ थर उरतो. यात किती वेळ जाईल हे क्रीममधला मेद, साखर आणि फेटणे यांवर ठरते, पण अर्ध्या-पाऊण तासाच्या पुढे दुधाच्या फुलाची खात्री देता येत नाही. टॉपिंगच्या पाकळ्यांच्या कडा तोवर शाबूत असतात. पस्तिशीच्या वर मात्र तेही झुकते. ते पाणी सोडत नाही, आधी फुगीर होते, बारीक बुडबुडे मोठे होऊन पृष्ठभाग स्पंजासारखा दिसू लागतो आणि मग बसतो. टॉपिंग उष्णता सोसते ती एका हद्दीपर्यंतच.

फ्रिजमध्ये दीर्घकाळ उघडे ठेवले तर दोन्हींची उलट बाजू दिसते. टॉपिंगचा पृष्ठभाग कोरडा पडून त्याला बारीक तडे जातात, विशेषतः फार फेटलेले असेल तर. दुधाचे क्रीम तसे फुटत नाही, पण फ्रिजमधला वास लगेच उचलते. कांदा चिरून ठेवलेल्या फ्रिजमध्ये दुधाच्या क्रीमचा केक उघडा ठेवू नये.

किनारपट्टीवर उष्णतेपेक्षा दमटपणा अधिक त्रास देतो. मुंबई, रत्नागिरी किंवा पणजीत पावसाळ्याच्या तोंडावर फ्रिजमधून काढलेल्या केकवर दोन मिनिटांत दव जमते. टॉपिंगवर हे थेंब तरंगतात आणि रंगीत फुलांचा रंग पांढऱ्या भागावर ओघळतो. दुधाच्या क्रीमवर ते आत मुरतात आणि पृष्ठभाग लिबलिबीत होतो. विदर्भातल्या कोरड्या हवेत दव कमी, पण पारा चढलेला. म्हणून किनाऱ्यावर केक खोक्यात बंद ठेवून खोलीत काही मिनिटे स्थिरावू द्यावा आणि मग उघडावा. म्हणजे दव केकऐवजी खोक्यावर जमते. कोरड्या, तापलेल्या भागात ती सवलत घेऊ नये. फ्रिजमधून काढून लगेच कापावा.

एक गैरसमज मात्र धोक्याचा आहे. टॉपिंगचा आकार टिकतो म्हणून केक टिकतो, असे बेकरीच्या काचेच्या कपाटाकडे पाहून अनेकांना वाटते. टॉपिंगमध्ये पाणी, साखर आणि प्रथिन असते, आणि जंतूंना वाढायला तेवढे पुरते. ते कधी बिघडले हे आकारावरून कळत नाही. या बाबतीत दुधाचे क्रीम निदान बसून इशारा देते. नाशिवंत पदार्थांचा सर्वसाधारण नियम दोन्हींना सारखाच लागू आहे: फ्रिजबाहेर दोन तासांपेक्षा जास्त नाही, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एक तासापेक्षा जास्त नाही.

आता चव. दुधाच्या मेदात ब्युटिरिक आम्लासारखी लहान साखळीची मेदाम्ले असतात, जी जवळजवळ फक्त रवंथ करणाऱ्या जनावरांच्या दुधातच आढळतात. शिवाय लॅक्टोन नावाचे सुगंधी घटक असतात, ज्यांना नारळ-पीचसारखा मंद गोडसर वास येतो. तुपाचा आणि ताज्या लोण्याचा जो ओळखीचा वास आहे त्यामागे हीच मंडळी आहेत. मेद टप्प्याटप्प्याने वितळत असल्यामुळे ती तोंडात एकदम न येता हळूहळू उलगडतात. साखर न घालताही दुधाच्या क्रीमला स्वतःची गोडी असते. टॉपिंगमधला मेद शुद्ध करून गंधहीन केलेला असतो, म्हणून त्याची चव बाहेरून घातलेल्या व्हॅनिलाची, साखरेची आणि चिमूटभर मिठाची असते. गोडी पहिल्याच घासाला येते आणि नंतर फारसे काही उरत नाही. वितळण्याचा बिंदू फार वर नेलेले स्वस्त टॉपिंग असेल तर टाळूला मेणचट थर राहतो. त्याची परीक्षा सोपी आहे. चमचाभर फेटलेले टॉपिंग जिभेवर ठेवून न चावता विरघळू द्यावे आणि मग घोटभर गार पाणी प्यावे. टाळूवर चिकटलेला पातळ थर बोलताना जाणवला, तर ते टॉपिंग चवीसाठी निवडण्यासारखे नाही.

टॉपिंगला एक खास खोडही आहे. लॉरिक मेदाचे काही जंतू किंवा एन्झाइम विघटन करू लागले की त्याला साबणासारखी चव येते. उघडलेले पॅक कित्येक दिवस वापरत राहिलेल्या, किंवा ओल्या चमच्याने पुन्हा पुन्हा काढलेल्या टॉपिंगमध्ये ती जाणवते. खोबरेल तेलापासून साबण होतो हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना त्यामागचे नाते लगेच कळेल. अशी चव आली की ते फेकून द्यावे, इसेन्स वाढवून ती झाकू नये.

साथीला काय आहे यावर निवड पुष्कळशी ठरते. हापूसचा रस, ताजी स्ट्रॉबेरी, किंवा साधा व्हॅनिला स्पंज असेल तर दुधाचे क्रीम लगेच ओळखू येते, कारण झाकायला काही नसते. कडक कोको किंवा कॉफीच्या केकमध्ये फरक बराच बुजतो आणि तिथे टॉपिंग वापरल्याने फारसे नुकसान होत नाही. अननसाच्या बाबतीत थोडी काळजी लागते. कच्च्या अननसात ब्रोमेलेन नावाचे एन्झाइम असते. ते दुधाचे प्रथिन तोडते, क्रीमला कडवट चव येते, आणि क्रीम घट्ट करायला जिलेटिन वापरले असेल तर ते साकळतच नाही. साखरपाकात शिजवलेला किंवा डब्यातला अननस उष्णतेने निष्क्रिय झालेला असतो, म्हणून तो चालतो. भारतीय बेकरीत अननस केक इतका रुळला, त्यामागे डब्यातले फळ आणि टॉपिंग ही जोडी आहे.

दुधाचे क्रीम उन्हाळ्यात थोडे सावरता येते. पिठीसाखर लिटरला ८० ते १०० ग्रॅम घातली की पाणी काही प्रमाणात बांधले जाते. एक-दोन चमचे दुधाची पावडरही तेच करते. जिलेटिन सर्वात पक्का आधार देते, पण ते जनावरांच्या हाडा-कातडीपासून येते, म्हणून शाकाहारी घरासाठी बाद. आगर चालेल असे वाटते, पण ते पस्तीस-चाळीस अंशांनाच साकळते आणि गार क्रीममध्ये ओतले की क्षणात गाठी होतात. शाकाहारी मार्ग म्हणजे क्रीमचा थोडा भाग चमचाभर कॉर्नफ्लोअरसह शिजवून, पूर्ण गार करून, उरलेल्या क्रीममध्ये फेटताना घालणे. यातल्या कशानेही मेदाचा वितळण्याचा बिंदू बदलत नाही. पाणी सुटणे लांबते, बसणे टळत नाही.

म्हणूनच उन्हाळी केकसाठी दोन्हींची वाटणी करणे सर्वात शहाणपणाचे आहे: दुधाचे क्रीम आत, टॉपिंग बाहेर. आतला थर स्पंजच्या दोन चकत्यांमध्ये गार आणि बंदिस्त राहतो, खाणाऱ्याच्या तोंडात आधी तोच येतो, आणि उन्हाशी सामना करायचा तो बाहेरच्या थराने. नागपुरात मे महिन्यात पाऊण तासाच्या अंतरावर पोहोचवायचा आंब्याचा आठ इंची केक याचे उदाहरण म्हणून घेऊ.

केकचा व्यास २० सेंटीमीटर, उंची १०. आत दोन थर, प्रत्येक सुमारे ७ मिलिमीटर जाडीचा. दोन्हींना मिळून साधारण ४४० मिलिलिटर फेटलेले क्रीम लागते, म्हणजे २२० मिलिलिटर द्रव व्हिपिंग क्रीम आणि २० ग्रॅम पिठीसाखर. बाहेर वर आणि कडेला अर्धा सेंटीमीटर थर आणि वर काही फुले धरली तर ६२० मिलिलिटर फेटलेले टॉपिंग पुरते. ते साडेतीनपट होते असे धरले तर १८० मिलिलिटर द्रव टॉपिंग. हिशेब नेमका बसावा म्हणून दोन्ही थोडी जास्त घ्यावीत, कारण भांड्याला आणि पायपिंग बॅगला चिकटून थोडे जातेच.

टॉपिंग आदल्या दिवशी फ्रीझरमधून फ्रिजमध्ये काढावे. ते चोवीस तासांत वितळते. ओट्यावर ठेवून वितळवले तर बाहेरचा भाग गरम आणि आतला बर्फ असे होते, आणि फेटल्यावर ते सारखे फुलत नाही. ७ ते १० अंशांना असताना मध्यम वेगाने फेटावे. अगदी वेगाने फेटले तर मोठे बुडबुडे शिरून थर लावताना छिद्रे दिसतात. पाते उचलल्यावर शेंडा उभा राहून टोक किंचित वळले की थांबावे. जास्त झाले तर ते कोरडे, रवाळ दिसू लागते आणि पॅलेट नाइफने फिरवताना फाटते. बाजूला ठेवलेले चमचाभर न फेटलेले टॉपिंग मिसळले की ते पुन्हा गुळगुळीत होते.

दुधाचे क्रीम शेवटी, स्पंज पूर्ण गार झाल्यावर फेटावे. भांड्याखाली बर्फाचे पाणी ठेवावे. इथे चूक होण्याची खिडकी फार अरुंद आहे. मऊ शेंड्यापासून ताक सुटण्यापर्यंत उन्हाळ्यात एखाद मिनिट पुरते, म्हणून मशीनने मऊ शेंडा आणावा आणि शेवटचे फेरे हाताने द्यावेत. चमक जाऊन रंग किंचित पिवळट झाला की लगेच दोन चमचे गार द्रव क्रीम घालून हलक्या हाताने मिसळावे. पाणी एकदा वेगळे दिसले की ते क्रीम परत येत नाही. त्याचे लोणी करून घ्यावे.

आंब्याचे बारीक तुकडे टिपकागदावर कोरडे करून क्रीमवर पसरावेत, रस सुटलेला तुकडा आतून थर घसरवतो. काठावर बोटभर जागा सोडून तिथे टॉपिंगची कडा काढावी, म्हणजे आतले क्रीम वजनाने बाहेर येत नाही. केक जोडल्यावर अर्धा तास फ्रिजमध्ये, मग टॉपिंगचा पातळ थर, पुन्हा अर्धा तास, मग शेवटचा थर आणि फुले. घराबाहेर काढण्याआधी केक किमान चार तास फ्रिजमध्ये असावा, कारण वाटेत उष्णता रोखते ती त्याच्या गाभ्यात साठलेली थंडाई. खोके गाडीच्या डिकीत न ठेवता एसी लावलेल्या पुढच्या सीटच्या पायाशी, सपाट जागी ठेवावे. सीटवर ठेवल्यास सीटच्या उतारामुळे थर सरकतात. पोहोचल्यावर लगेच फ्रिजमध्ये, आणि कापण्याआधी दहा मिनिटे बाहेर. चार अंशांना असलेल्या दुधाच्या क्रीमची चव दबलेली असते. थोडा उबारा मिळाला की लॅक्टोनचा वास मोकळा होतो.

टॉपिंग आणि दुधाचे क्रीम एकत्र फेटण्याचीही रीत आहे. टॉपिंग मऊ शेंड्यापर्यंत आणून त्यात गार दुधाचे क्रीम एक-तृतीयांशापर्यंत ओतून पुढे फेटतात. चव बरीच सुधारते, फुले थोडी कमी उभी राहतात. निम्म्याच्या वर दुधाचे क्रीम गेले की उष्णतेचे वागणे पुन्हा दुधाच्या क्रीमसारखे होते.

आरोग्याच्या बाबतीत जुनी भीती आणि आजची स्थिती वेगळी आहे. अर्धवट हायड्रोजन दिलेल्या तेलात ट्रान्स मेद तयार होत असे, आणि हृदयाला अपायकारक म्हणून तो कुप्रसिद्ध झाला. भारतात १ जानेवारी २०२२ पासून खाद्यतेल-मेदांतल्या औद्योगिक ट्रान्स मेदाची मर्यादा दोन टक्क्यांवर आणली गेली. पूर्ण हायड्रोजन दिलेल्या किंवा मुळातच घट्ट असलेल्या मेदात ट्रान्स जवळपास नसतो. संतृप्त मेद मात्र पाम कर्नलमध्ये दुधाच्या मेदापेक्षाही अधिक असतो. टॉपिंगच्या थरात हवा जास्त असल्याने एका तुकड्यात मेदाचे वजन कमी पडते, आणि साखर आधीपासून घातलेली असते. मधुमेह असलेल्यासाठी केक करताना दुधाचे क्रीम सोयीचे, कारण त्यातली साखर करणाऱ्याच्या हातात असते.

विकत घेताना पॅकच्या पुढच्या बाजूवर विसंबू नये. क्रीमचे चित्र, फुललेली फुले आणि ‘व्हिप’ हा शब्द दोन्हींवर असतो. मागच्या घटकांच्या यादीत ‘दुधाचा मेद’ किंवा ‘मिल्क फॅट’ लिहिलेले आहे की ‘व्हेजिटेबल फॅट’, हे पाहावे. दोन्ही नावे दिसली तर ते मिश्रण आहे. बेकरीतून तयार केक घेताना थेट विचारावे. दुधाचे क्रीम वापरणारा बेकर ते आवर्जून सांगतो आणि केक कधी बनवला, किती वेळ बाहेर चालेल, हेही सोबत सांगतो.